प्राप्ती व शोधन खात्यावरून अंतिम खाती

नफ्यासाठी न चालणाऱ्या क्लबच्या वर्षभराच्या रोख नोंदींवरून उत्पन्न व खर्च खाते आणि ताळेबंद तयार करण्याची पद्धती. प्राप्ती व शोधन खाते हा रोखकीर्दीचा गोषवारा असतो. पैसा कोणत्या वर्षाचा, महसुली की भांडवली, हे त्यात पाहिले जात नाही. रूपांतरात नेमके तेच पाहावे लागते.

180 सभासदांचा, वार्षिक 500 रुपये वर्गणीचा एक नमुना क्लब घेऊ. आरंभीची रोख शिल्लक 12,000. वर्षात वर्गणी 92,000 जमा झाली. तीत मागील वर्षाची थकबाकी 6,000 आणि पुढील वर्षाची आगाऊ वर्गणी 4,000 आहे. इमारतीसाठी देणगी 50,000 मिळाली. पगारापोटी 55,000, किरकोळ खर्चापोटी 25,000 आणि नव्या टेबल-टेनिस टेबलासाठी 20,000 दिले. अखेरची शिल्लक 54,000.

चालू वर्षाची वर्गणी 82,000 वसूल झाली, 8,000 येणे राहिली. म्हणून उत्पन्न 90,000. पगाराचे 5,000 देणे असल्याने पगारखर्च 60,000 धरायचा. किरकोळ खर्च 25,000 आणि टेबलावरील 10 टक्के घसारा 2,000 मिळवून एकूण खर्च 87,000, आधिक्य 3,000. रोख शिल्लक मात्र 42,000 ने वाढलेली आहे.

आरंभीचा भांडवल निधी बहुधा दिलेला नसतो. आरंभीची रोख आणि तेव्हाची येणे वर्गणी मिळून तो येथे 18,000 होतो. ताळेबंदात देयतेच्या बाजूस भांडवल निधी 21,000, इमारत निधी 50,000, आगाऊ वर्गणी 4,000, देणे पगार 5,000. मालमत्तेच्या बाजूस रोख 54,000, येणे वर्गणी 8,000, टेबल 18,000. दोन्ही बेरजा 80,000.

मागील थकबाकी वर्गणीतून वजा केली नाही आणि आरंभीच्या निधीतही धरली नाही, तर दोन्ही चुका परस्परांना झाकतात: आधिक्य 9,000 दिसते, तरी ताळेबंद जुळतो. म्हणून आरंभीचा निधी मागील वर्षाच्या ताळेबंदाशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.

प्रवेश शुल्काबाबत मतभेद आहेत. सभासद ते एकदाच भरतो, म्हणून ते भांडवली मानून निधीत मिळवावे, असे एक मत. क्लबला मात्र नवे सभासद दरवर्षी मिळतात, तेव्हा ते आवर्ती उत्पन्नच होय, असे दुसरे. रक्कम लहान व नियमित असेल, तर दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. संस्थेच्या नियमावलीत तरतूद असल्यास तीच पाळावी. आजीव सभासद शुल्काला हा युक्तिवाद सहसा लागू होत नाही, कारण त्यात पुढील अनेक वर्षांची वर्गणी सामावलेली असते. विशिष्ट हेतूची देणगी, उदा. वरील इमारत निधी, कोणत्याही मताने उत्पन्नात जात नाही.

महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थांसाठी 1951 च्या नियमांतील अनुसूची 8 मध्ये ताळेबंदाचा आणि अनुसूची 9 मध्ये उत्पन्न व खर्च खात्याचा नमुना दिलेला आहे.