९३ टक्के जुळलं, मग कॅपा ०.३३ कसा? चॅटबॉटने लावलेल्या थीम्स तपासताना गोंधळात टाकणारे दोन आकडे

सर्व्हेतली ओपन-एंडेड उत्तरं चॅटबॉटकडून थीमनुसार लावून घेतली की लगेच विचारलं जातं, माणसांनी लावलेल्या थीम्सशी हे किती जुळतंय? उत्तर म्हणून दोन आकडे पुढे येतात. एक म्हणजे साधी टक्केवारी, शंभरातली किती उत्तरं दोघांनी सारखी लावली, आणि दुसरा म्हणजे कॅपा, जो जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडला. दोन्हीला सरसकट अ‍ॅग्रीमेंट म्हणतात, रिपोर्टमध्ये एकाच्या जागी दुसरा बिनधास्त टाकतात, पण हे दोन आकडे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात आणि कधी कधी तर अगदी उलट दिशेला बोट दाखवतात.

एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यासाठी मीच बनवलेत. एका ऑनलाइन कोर्सच्या सर्व्हेत प्रश्न आहे, कोर्स मधेच का सोडलात? उत्तरं हजारोंनी आलीत. त्यातली २०० रँडम उचलली, एका माणसाने ती वाचून थीम लावल्या, आणि तीच २०० चॅटबॉटलाही दिली. एकाच उत्तरात दोन-तीन कारणं येऊ शकतात म्हणून प्रत्येक थीमसाठी वेगळं हो किंवा नाही लावायचं. माणसाने बॉटची लेबलं आधी बघायची नाहीत, हे मात्र कडक पाळा, कारण समोर एक तयार उत्तर दिसलं की माणूस नकळत मान डोलावतो आणि मग तुम्ही जे मोजता ते जुळणं नसतंच.

पहिली थीम, वेळ मिळाला नाही. माणसाने ९० उत्तरांना लावली, बॉटने ९४ ना, दोघांनीही लावलेली ८१. दोघांनीही न लावलेली ९७. म्हणजे २०० पैकी १७८ जुळली, ८९ टक्के.

दुसरी थीम, शंकांना उत्तर मिळालं नाही. माणसाने १२ ना लावली, बॉटने १० ना, दोघांनीही लावलेली फक्त ४. दोघांनीही न लावलेली १८२. जुळली १८६, म्हणजे ९३ टक्के.

टक्केवारी बघून कुणीही म्हणेल की दुसऱ्या थीमवर बॉट जास्त चांगला आहे. पण नीट बघा, माणसाला सापडलेल्या १२ पैकी ८ बॉटने सोडल्या आणि स्वतः लावलेल्या १० पैकी ६ माणसाला पटल्या नाहीत! ९३ टक्के आले ते त्या १८२ "नाही"मुळे, आणि थीम मुळातच क्वचित येते म्हटल्यावर बहुतेक उत्तरांना नाही म्हणणं कुणालाही जमेल. समजा बॉटने काहीच न वाचता सगळ्या २०० उत्तरांना नाही लावलं असतं, तर १८८ जुळली असती. ९४ टक्के. वाचून लावलं तर ९३ आणि न वाचता ९४, एवढ्यावरूनच कळतं की क्वचित येणाऱ्या थीमसाठी नुसती टक्केवारी देणं म्हणजे वाचणाऱ्याची फसवणूक आहे, मग ती मुद्दाम असो वा नसो.

कॅपा नेमका हाच भाग वजा करतो. तो विचारतो, दोघांनी आपापल्या सवयीच्या प्रमाणात पण अंदाधुंद हो-नाही लावलं असतं तर नुसत्या योगायोगाने किती जुळलं असतं, आणि त्याच्या वर खरोखर किती जुळलंय?

```
kappa = (po - pe) / (1 - pe)
```

`po` म्हणजे प्रत्यक्ष जुळलेला हिस्सा, `pe` म्हणजे योगायोगाने जुळेल तो. दुसऱ्या थीमसाठी माणूस ६ टक्के वेळा हो म्हणतो आणि बॉट ५ टक्के, तर दोघांचं हो योगायोगाने जुळायची शक्यता ०.०६ गुणिले ०.०५, म्हणजे ०.००३. दोघांचं "नाही" जुळायची ०.९४ गुणिले ०.९५, म्हणजे ०.८९३. बेरीज ०.८९६. म्हणजे जवळपास ९० टक्के तर काही न करताच जुळणार होतं. आता ०.९३ मधून ०.८९६ वजा केले, उरले ०.०३४, त्याला ०.१०४ ने भागलं, कॅपा आला ०.३३. हेच गणित वेळेच्या थीमला लावलं तर योगायोगाचा वाटा ०.५० च्या आसपास निघतो आणि कॅपा येतो ०.७८. टक्केवारीत जी थीम मागे होती ती कॅपामध्ये कितीतरी पुढे गेली. आणि सगळ्यांना नाही लावणाऱ्या त्या काल्पनिक बॉटचा कॅपा? बरोबर शून्य.

हाताने करायची गरज नाही, पायथनमध्ये एका ओळीचं काम आहे, फक्त प्रत्येक थीमसाठी वेगळं चालवा, सगळ्या थीम्सचा मिळून एकच आकडा काढू नका, नाहीतर चांगली थीम वाईट थीमला झाकून टाकते. खाली `df` म्हणजे उत्तरांचा तक्ता, आणि `human` व `bot` हे त्यातले एका थीमच्या हो-नाहीचे दोन कॉलम.

```python
from sklearn.metrics import cohen_kappa_score
cohen_kappa_score(df["human"], df["bot"])
```

आता यात आणखी एक गोष्ट मिसळली जाते. माणसाची मोजणी १२, बॉटची १०, म्हणजे रिपोर्टमध्ये ६ टक्के आणि ५ टक्के, किती जवळ! पण ही जवळीक बेरजेची आहे, उत्तरांची नाही. ८ सुटल्या आणि ६ जादा आल्या, चुका एकमेकांना खाऊन गेल्या. तुम्हाला फक्त एकूण टक्का छापायचा असेल तर हे कदाचित खपून जाईल, पण कुणी म्हणालं की ही तक्रार नवीन विद्यार्थ्यांमध्ये जास्त आहे का ते बघा, किंवा ती तक्रार करणाऱ्यांची उत्तरं काढून द्या, तर हातात जो गठ्ठा येईल त्यातली निम्म्याहून जास्त चुकीची असतील आणि खरी तक्रार करणारे बहुतेक बाहेरच राहिलेले असतील.

कॅपा कमी आला की लोक लगेच प्रॉम्प्ट बदलायला घेतात. थांबा. आधी दुसऱ्या माणसाकडून तीच २०० उत्तरं लावून घ्या, पहिल्याचं न दाखवता. दोन माणसांचा आपसातला कॅपा जर त्या थीमवर ०.४० च्या आसपासच असेल तर बॉटकडून ०.८० ची अपेक्षा कशाच्या जोरावर करायची? तिथे दोष थीमच्या व्याख्येत आहे, माणसांनाच ती धड कळलेली नाही. माणसांचा ०.८० आणि बॉटचा ०.३३ असेल तरच प्रॉब्लेम बॉटकडे आहे असं म्हणता येतं. ही तुलना नसेल तर बॉटचा कॅपा चांगला की वाईट हे सांगणंच कठीण. लँडिस आणि कॉख यांचा १९७७ चा तक्ता सगळे दाखवतात, ०.६१ ते ०.८० म्हणजे भरपूर जुळणी वगैरे, पण त्या रेषा त्यांनी सोयीसाठी आखल्या होत्या, त्यामागे काही सिद्धांत नाही.

मग न जुळलेली १४ उत्तरं समोर घेऊन बसायचं. माझ्या मते या सगळ्या कामातला सगळ्यात मोलाचा वेळ हाच. उदाहरणार्थ बॉटने सोडलेलं एक उत्तर असं असू शकतं, "प्रश्न टाकला होता, आठवडा झाला, शेवटी स्वतःच शोधून काढलं, मग म्हटलं कोर्स कशाला". यात कुठेही "उत्तर मिळालं नाही" असे शब्द नाहीत, माणसाला अर्थ कळतो, बॉटने ते स्वतः शिकण्याच्या थीममध्ये टाकलं. आणि बॉटने जादा लावलेलं, "शंका विचारल्या की लगेच उत्तर मिळायचं, पण नोकरी बदलली आणि वेळच उरला नाही". इथे विषय शंकांचाच आहे पण तक्रार नाही, उलट कौतुक आहे. बॉटने विषय पकडला, बाजू पकडली नाही. असा पॅटर्न दिसला की कोडबुकमध्ये, म्हणजे थीम्सच्या व्याख्यांच्या यादीत, दोन ओळी वाढवायच्या: उशीर झाला किंवा स्वतःच उत्तर शोधावं लागलं तरी ही थीम लावा, शंकांबद्दल चांगलं लिहिलं असेल तर लावू नका. तीच व्याख्या माणसांनाही द्यायची आणि प्रॉम्प्टमध्येही तशीच टाकायची. आणि काही वेळा वाचल्यावर दिसतं की बॉटचं बरोबर होतं आणि माणूस दमून पुढे सरकला होता. कॅपाला यातलं काही कळत नाही, तो फक्त जुळणी मोजतो, बरोबर कोण ते सांगत नाही.

व्याख्या सुधारल्यावर तपासणी मात्र नव्या २०० उत्तरांवर करायची. जुन्यांवर केलीत तर कॅपा वाढणारच, कारण तीच १४ उत्तरं बघून तुम्ही नियम लिहिलेत.

बॉटच्या बाजूने एक यांत्रिक चूक फार कॉमन आहे. एका मेसेजमध्ये शंभर-दीडशे उत्तरं कोंबली की मधलं एखादं गळतं आणि पुढची सगळी लेबलं एक ओळ वर सरकतात. तेव्हा कॅपा अचानक कोसळतो, तोही सगळ्या थीम्सवर एकदम, आणि हीच त्याची खूण. प्रत्येक उत्तराला आयडी द्या, बॉटकडून आयडीसकट लेबल परत मागा, आणि जेवढी दिली तेवढी परत आली का ते मोजा. तसंच, तेच काम बॉटकडून दोनदा करून घेऊन दोन्ही वेळा सारखं आलं म्हणून खूश होऊ नका, तीच चूक तो दोन्ही वेळा तितक्याच सातत्याने करू शकतो.

कॅपालाही मर्यादा आहेच. १२ "हो" असलेल्या थीममध्ये तीन-चार उत्तरं इकडची तिकडे झाली की आकडा बराच हलतो, आणि थीम खूप क्वचित असेल तर बऱ्यापैकी काम करूनही कॅपा कमी दिसू शकतो. म्हणून अशा थीमसाठी मी दोन साधे आकडे सोबत देते: माणसाने लावलेल्यांपैकी बॉटला किती सापडली, इथे १२ पैकी ४, आणि बॉटने लावलेल्यांपैकी माणसाला किती पटली, इथे १० पैकी ४. हे वाचायला कुणालाही स्टॅटिस्टिक्स यावं लागत नाही. आणि व्याख्या सुधारूनही हे आकडे वर येत नसतील तर ती एक थीम बॉटकडून काढून घ्यायची, माणसांनी हाताने लावायची, बाकीच्या बॉटकडे राहू द्यायच्या, आणि कुठली थीम कुणी लावली ते रिपोर्टच्या तक्त्यात त्या त्या थीमसमोर लिहायचं.