ऑर्डर गेली की नाही, हे कसे ठरवायचे?

शेअर बाजारात संगणकाकरवी व्यवहार करू पाहणाऱ्या पुण्यातील हौशी प्रोग्रॅमरची पहिली रचना बहुधा एकाच लांबलचक प्रोग्रॅमची असते: भाव आणायचे, त्यांवरून खरेदी-विक्रीचा सिग्नल काढायचा आणि त्याच दमात ब्रोकरकडे ऑर्डर पाठवायची. कोथरूडच्या घरातली वीज मध्येच गेली, तर त्या क्षणी काम कुठवर आले होते हे कळायला मग मार्ग राहत नाही. कारण सारा हिशेब प्रोग्रॅमच्या मेमरीत असतो आणि तो प्रोग्रॅमबरोबरच पुसला जातो. म्हणून या कामाचे तीन स्वतंत्र प्रोग्रॅम केले जातात. लिनक्सवरील `cron` त्यांना ठरल्या वेळी चालवतो, आणि ते एकमेकांशी थेट न बोलता फक्त एका डेटाबेसमध्ये नोंदी करतात व वाचतात.

बजाज ऑटोच्या शेअरवर पंधरा मिनिटांच्या कँडलची, म्हणजे तेवढ्या वेळातल्या भावांच्या एकत्रित नोंदीची, एक पद्धत चालू आहे असे धरू. 10:15 ते 10:30 ही कँडल पूर्ण झाली की पहिला प्रोग्रॅम ती आणून साठवतो, दुसरा 10:31 ला सरासरी काढून सिग्नल लिहितो आणि तिसरा दर मिनिटाला नवा सिग्नल आला आहे का ते पाहतो. यात पहिला खड्डा असा की `cron` ला फक्त घड्याळ कळते. आधीचे काम संपले का, हे तो पाहत नाही. ब्रोकरकडून भाव यायला उशीर झाला आणि दुसऱ्या प्रोग्रॅमने डेटाबेसमधली ‘शेवटची ओळ’ उचलली, तर तो 10:15 ला संपलेल्या कँडलवरच पुन्हा गणित करील, आणि उत्तर दिसायला अगदी व्यवस्थित असल्यामुळे चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही. त्याने शेवटची ओळ न मागता 10:15 ला सुरू झालेलीच कँडल मागावी, आणि ती नसेल तर काही न लिहिता थांबावे.

सिग्नल लिहितानाही त्यावर प्रोग्रॅम चालल्याची वेळ नव्हे, तर कँडलची वेळ टाकावी. पद्धत, शेअर आणि कँडलची वेळ या तिघांची जोडी एकदाच येऊ शकेल असे बंधन टेबलावर घातले, की तोच प्रोग्रॅम चुकून दोनदा चालला तरी सिग्नल एकच राहतो.

खरी कसोटी तिसऱ्या प्रोग्रॅमची. ऑर्डर ब्रोकरकडे पोहोचली, पण तिचा क्रमांक परत येण्याआधी इंटरनेट तुटले, तर डेटाबेसमध्ये ती ‘न पाठवलेली’ दिसते. पुढच्या मिनिटाला प्रोग्रॅम ती निमूटपणे पुन्हा पाठवतो आणि शंभराऐवजी दोनशे शेअर गळ्यात पडतात. ऑर्डर आधी पाठवून मग नोंद करणे हे त्याचे मूळ आहे. म्हणून ऑर्डरची ओळ आधी `orders` टेबलात `NEW` या स्थितीत लिहायची, पाठवण्यापूर्वीच त्या ओळीवर हक्क सांगायचा आणि तो बदल कायम करायचा:

```sql
UPDATE orders SET state = 'SENDING'
WHERE id = 41 AND state = 'NEW';
```

या आज्ञेने एक ओळ बदलली तरच पुढे जायचे. शून्य ओळी बदलल्या असतील, तर आधीच्या मिनिटाची, अजून रेंगाळलेली प्रत ते काम करत आहे असे समजून बाजूला व्हायचे. त्यानंतरच ऑर्डर पाठवायची, तिच्यासोबत `41` हा आपला खुणेचा क्रमांक जोडायचा (बरेच ब्रोकर यासाठी एक रकाना देतात), आणि उत्तर आले की ब्रोकरचा क्रमांक लिहून स्थिती `SENT` करायची.

आता हक्क सांगितल्यापासून `SENT` लिहीपर्यंत वीज कधीही जावो, मागे `SENDING` अशी एक ओळ उरते. तिचा अर्थ ‘गेली’ असा नाही आणि ‘राहिली’ असाही नाही. पुढच्या फेरीत प्रोग्रॅमने अशा जुन्या ओळी आधी शोधाव्यात, त्यांतली एकही पुन्हा पाठवू नये आणि ब्रोकरच्या ऑर्डर बुकात, म्हणजे आपल्या ऑर्डरींच्या त्याच्याकडील यादीत, `41` ही खूण आहे का ते पाहावे. सापडली तर क्रमांक उतरवून घ्यावा. नाही सापडली तरी लगेच नवी ऑर्डर पाठवू नये, कारण बुकात नोंद उमटायलाही क्षणभर लागू शकतो. माझ्या मते दोन-तीन मिनिटांनंतर तो सिग्नलच शिळा ठरवून सोडून द्यावा. हुकलेला सौदा दुप्पट सौद्यापेक्षा स्वस्त पडतो.

एवढ्या कामाला एसक्यूलाइट हा साधा डेटाबेस पुरतो, मात्र त्यात एका वेळी एकालाच लिहिता येते. पहिल्या प्रोग्रॅमने डेटाबेसमधला लिहिण्याचा व्यवहार उघडा ठेवून इंटरनेटवरील उत्तराची वाट पाहिली, तर बाकीच्यांना `database is locked` असे उत्तर मिळते. म्हणून भाव आधी पूर्ण आणावेत आणि मगच झटकन लिहावेत. सर्व्हर भाड्याचा असेल तर त्याचे घड्याळही तपासावे: ते यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असल्यास आपला 9:15 चा बाजार तिथे 3:45 ला उघडतो.

या रचनेत सिग्नलपासून ऑर्डरपर्यंत सहज एखादे मिनिट जाते, कारण 10:31 ला तिसरा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या आधी धावला तर तो सिग्नल 10:32 ला उचलतो. पंधरा मिनिटांच्या कँडलला ते चालते. सेकंदांवर चालणाऱ्या पद्धतीला नाही. आणि ऑर्डर बुकच उघडत नसेल, तेव्हा डेटाबेसही काही ठरवू शकत नाही: ती ओळ `UNKNOWN` करावी, त्या शेअरच्या पुढच्या ऑर्डर रोखाव्यात आणि मालकाच्या फोनवर निरोप धाडावा, म्हणजे तो ब्रोकरला फोन लावून विचारील.