यंत्रानुवाद : सुट्या शब्दाचा अर्थ

यंत्रानुवाद करणाऱ्या प्रणालीला पूर्ण वाक्याऐवजी एखादा सुटा शब्द किंवा दोन-तीन शब्दांचा तुकडा दिला, तर येणारा अर्थ अनेकदा चुकतो. ही चूक बहुधा शब्दकोशाबाहेरची नसते. मिळालेला अर्थ त्या शब्दाचाच असतो, फक्त त्या ठिकाणचा नसतो. म्हणूनच ती नजरेतून सुटते.

या अडचणीची पहिली स्पष्ट मांडणी सामान्यतः अमेरिकी गणितज्ञ वॉरन वीव्हर यांच्या जुलै १९४९ च्या टिपणात दाखवली जाते. एका अपारदर्शक कागदाला जेमतेम एक शब्द दिसेल एवढे भोक पाडून पुस्तक वाचायला घेतले, तर कोणत्याच शब्दाचा अर्थ नक्की करता येणार नाही, असे त्यांनी लिहिले. उदाहरण ‘फास्ट’ या इंग्रजी शब्दाचे होते : त्याचा अर्थ वेगवान असाही होतो आणि घट्ट, न हलणारा असाही. भोक दोन्ही बाजूंनी थोडे रुंद केले, म्हणजे शेजारचे काही शब्द दिसू दिले, की अर्थ ठरवता येईल. प्रश्न एवढाच की किती शब्द पुरेत. तत्त्वज्ञ अब्राहम कॅपलान यांनी साधारण याच सुमारास माणसांवर केलेल्या प्रयोगातून (१९५५ मध्ये प्रसिद्ध) दोन्ही बाजूंचे एक-दोन शब्द जवळजवळ पूर्ण वाक्याइतके उपयोगी पडतात, असा निष्कर्ष निघाला. यंत्रानुवादाचे अभ्यासक येहोशुआ बार-हिलेल यांना हा आशावाद मान्य नव्हता. १९६० मध्ये त्यांनी ‘द बॉक्स वॉज इन द पेन’ हे वाक्य पुढे ठेवले. इथे ‘पेन’ म्हणजे लेखणी नव्हे, तर लहान मुलाला खेळायला केलेले कुंपण; पण ते कळायला खेळण्यांची पेटी लेखणीत मावत नाही हे ठाऊक असावे लागते, आणि ते वाक्यात कुठेच लिहिलेले नाही. या वादात दोन्ही बाजू आपापल्या जागी टिकतात, तरी सुट्या शब्दापुरता वीव्हर यांचा दाखला अधिक नेमका वाटतो. तिथे जगाच्या ज्ञानाची गोष्टच येत नाही, कारण भोकातून दिसायला शेजारी शब्दच नसतो.

आजच्या प्रणाली शब्दाला शब्द लावत नाहीत. त्या कोट्यवधी अनुवादित वाक्यजोड्यांवरून शिकतात आणि दिलेल्या मजकुराला सर्वांत संभाव्य ठरेल असा अनुवाद रचतात. पूर्ण वाक्यात ही संभाव्यता शेजारचे शब्द ठरवतात. शब्द एकटा आला की शिकवणीच्या मजकुरात त्याचा कोणता अर्थ जास्त वेळा आला होता, एवढाच आधार उरतो. समजा, एका शब्दाचे दोन अर्थ त्या मजकुरात ७० आणि ३० अशा प्रमाणात आले आहेत. सुट्या शब्दाला प्रणाली ७० टक्के वेळा पहिला अर्थ देईल असे नाही. ती बहुधा दर वेळी पहिलाच देईल, कारण उत्तर एकच द्यायचे असते आणि ‘कोणता अर्थ हवा?’ असे विचारण्याची सोय बहुतेक ठिकाणी नसते. दुसरा अर्थ हवा असणाऱ्याला मग ती कायमच चुकते. अनुवाद इंग्रजीमार्गे तिसऱ्या भाषेत जात असेल, तर पहिल्या टप्प्यात सुटलेला अर्थ पुढे परत येत नाही.

मराठीतला ‘मान’ हा शब्द जवळून पाहण्यासारखा आहे. स्त्रीलिंगी मान म्हणजे डोके आणि धड यांमधला अवयव, पुल्लिंगी मान म्हणजे सन्मान, आणि ‘मानणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूपही ‘मान’च. शेजारी एक सर्वनाम आले तरी पुरते : ‘माझी मान’ आणि ‘माझा मान’ यांत गोंधळ होत नाही. विभक्तीचा प्रत्यय लागला तर तेवढ्याचीही गरज नाही, कारण अवयवाचे ‘मानेला’ होते आणि सन्मानाचे ‘मानाला’. म्हणजे संदिग्धता सर्वांत जास्त असते ती मूळ रूपात, आणि अर्थ शोधणारा माणूस नेमके तेच रूप टाइप करतो. शब्दकोशाच्या सवयीने प्रत्यय काढून टाकताना तो लिंगाची खूणही पुसून टाकतो. ‘नाव’ या शब्दाचेही तसेच. ‘नावाला’ आणि ‘नावेला’ वेगळे, ‘नाव’ मात्र एकच. भाषा आपोआप ओळखण्याची सोय चालू असेल, तर आणखी एक अडचण येते. ‘मान’ हिंदीतही आहे, पण तिथे अवयवाला ‘गर्दन’ म्हणतात. प्रणालीने शब्द हिंदी ठरवला की अवयवाचा अर्थ अनुवाद सुरू होण्याआधीच बाद होतो.

संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर हे या चुकीचे नेहमीचे ठिकाण, कारण तो मुळातच तुकड्यांनी साठवलेला असतो. ‘Open’ हा एकच तुकडा मेनूमध्ये आज्ञा असतो आणि तक्रारींच्या यादीत स्थिती. अनुवाद येतो ‘उघडा’. मेनूत तो चपखल बसतो. तक्रारीसमोर ‘स्थिती : उघडा’ असे दिसते, जिथे ‘प्रलंबित’ हवे होते. उलट अनुवाद करून तपासावे, तर ‘उघडा’चे पुन्हा ‘Open’ येते आणि सगळे बरोबर वाटते. मराठीतही ‘उघडा’ ही आज्ञा आहे आणि पुल्लिंगी विशेषणही, म्हणून जाताना झालेली संदिग्धता परतताना झाकली जाते. सुट्या शब्दासाठी उलट अनुवादाच्या तपासणीवर भिस्त ठेवू नये, ती यामुळेच.

असा मजकूर अनुवादासाठी साठवण्याच्या गेटटेक्स्ट या प्रचलित पद्धतीत मूळ मजकूर सारखा असलेल्या नोंदी एकच धरल्या जातात. त्या वेगळ्या ठेवायच्या तर प्रत्येकीला संदर्भाची ओळ जोडावी लागते :

```
msgctxt "menu command"
msgid "Open"
msgstr "उघडा"

msgctxt "complaint status"
msgid "Open"
msgstr "प्रलंबित"
```

ही ओळ माणसाला उपयोगी पडते. यंत्राकडे मात्र पुष्कळदा फक्त `msgid` मधला मूळ मजकूर धाडला जातो. तसे असेल तर संदर्भ फाइलीत असूनही प्रणालीला तो दिसत नाही, आणि दोन्ही नोंदींना एकच उत्तर येते.

विशेषणांच्या तुकड्यांत अर्थ बरोबर आला तरी रूप चुकते. ‘New’ एकटा आला की पुढे संदेश येणार, फाइल येणार की पत्र, हे कळत नाही. मराठीला मात्र नवा, नवी, नवे यांतून एक निवडावेच लागते. अनुवादक इथे ‘नवीन’ वापरून सुटतात, कारण ते लिंगानुसार बदलत नाही. अशी सोय प्रत्येक विशेषणाला नसते.

प्रणाली अंदाज करते आहे का, हे ओळखायला एक साधी चाचणी आहे. तोच शब्द पूर्णविराम देऊन, मग न देता, आणि इंग्रजी असेल तर पहिले अक्षर मोठे व लहान करून टाकावा. एवढ्याशा फरकाने वेगळा शब्द आला, तर पहिले उत्तर भरवशाचे नव्हते. उत्तर न बदलल्यास ते बरोबर आहे असे मात्र सिद्ध होत नाही. एखादा अर्थ शिकवणीत फार वरचढ असला की चुकीचे उत्तरही ठाम येते. उपाय शब्दाला छोट्या वाक्यात बसवण्याचा : ‘मान’ऐवजी ‘माझी मान दुखते’ द्यावे आणि अनुवादातून हवा तो शब्द उचलावा. उचललेला शब्द त्या वाक्यातल्या रूपात असतो, तेव्हा प्रत्यय लावणाऱ्या भाषांत तो मूळ रूपात आणण्याचे काम हातानेच करावे लागते.