दशांश-तास बिलिंग

व्यावसायिक सेवेचा वेळ तासाच्या दहाव्या भागात, म्हणजे सहा मिनिटांच्या युनिटमध्ये, मोजून शुल्क लावण्याची पद्धत. ०.१ म्हणजे सहा मिनिटे, ०.५ म्हणजे अर्धा तास. अमेरिका आणि ब्रिटनमधील वकिली व्यवसायात ती रुळलेली आहे. शिवाजीनगर न्यायालयातला वकील बहुधा तारखेचे किंवा कामाचे ठोक पैसे ठरवतो, त्यामुळे पुण्यात ही पद्धत मुख्यतः परदेशी क्लायंटचे काम करणाऱ्या विधी, कर आणि सल्लागार कार्यालयांत भेटते.

मराठी माणसाला पहिली अडचण भाषेचीच येते. आपण वेळ पाव, सव्वा, पाऊण अशा चौथाईत सांगतो आणि पंधरा मिनिटे म्हणजे नेमके अडीच युनिट. मग टाइमशीटमध्ये पंधरा मिनिटांसाठी ०.१५ लिहिले जाते, जे प्रत्यक्षात नऊ मिनिटे असते. दीड तासासाठी १.३ लिहिणे ही त्याच जातीची चूक, १.३ म्हणजे एक तास अठरा मिनिटे, आणि कार्यालयाची बारा मिनिटे फुकट जातात.

खरा पेच मात्र एक-दोन मिनिटांच्या कामांचा आहे. ताशी ३,००० रुपये दर असलेल्या एका सल्लागाराचा काल्पनिक दिवस पाहू. एकाच क्लायंटच्या एकाच कामासाठी सकाळी मेल वाचायला २ मिनिटे, दुपारी फोनवर ३, सोबतचा मसुदा चाळायला ४ आणि संध्याकाळी उत्तर पाठवायला २ मिनिटे गेली. एकूण ११ मिनिटे, दराप्रमाणे ५५० रुपये. प्रत्येक नोंद वेगळी पुढच्या पूर्ण युनिटपर्यंत वर चढवली तर चार युनिट होतात आणि बिल १,२०० रुपयांचे निघते. उलट, दोन मिनिटांचे काम ‘राहू दे, एवढ्याचे काय लावायचे’ म्हणून सोडणारा दोन्ही मेल गाळतो. असे रोज करणाऱ्याचा महिनाअखेर बराच वेळ बिलाबाहेर राहतो.

म्हणून मिनिटे खरी तशीच लिहायची, दिवसअखेर क्लायंट आणि काम यांनुसार बेरीज करायची, आणि पूर्णांकन त्या बेरजेवर एकदाच करायचे. वरच्या उदाहरणात ११ मिनिटांचे ०.२ होतात, म्हणजे ६०० रुपये. मिनिटे B2 ते B5 मध्ये असतील तर सूत्र असे:

```
=ROUND(SUM(B2:B5)/6,0)/10
```

हे जवळच्या युनिटकडे जाते, त्यामुळे कधी थोडे जास्त, कधी थोडे कमी होऊन फरक बराचसा मिटतो. करारात वर चढवण्याची मुभा असेल तर `ROUNDUP` वापरतात. मग चूक नेहमी क्लायंटच्या अंगावर पडते, सरासरी अडीच-तीन मिनिटांची. स्प्रेडशीटमध्ये सुरुवातीची आणि शेवटची वेळ वजा करून मिनिटे काढली, तर १२ ऐवजी १२.००००००१ सारखा आकडा मिळू शकतो आणि `ROUNDUP` दोनाचे तीन युनिट करतो. वजाबाकीनंतर मिनिटे आधी `ROUND` करून घेतली की हे टळते.

बेरीज केली म्हणजे वर्णनही एकत्र गुंडाळावे असे नाही. ‘पत्रव्यवहार, ०.२’ एवढेच दिसले तर क्लायंटचा लेखातपासनीस हमखास हरकत घेतो. त्याच ओळीत ‘मेल (२), फोन (३), मसुदा (४), उत्तर (२)’ अशी मिनिटे दिली की प्रश्न उरत नाही.

बेरजेनेही न सुटणारी स्थिती म्हणजे दिवसभरात त्या क्लायंटचे एकच एका मिनिटाचे काम. वरचे सूत्र तिथे शून्य देते, तर किमान एक युनिट लावल्यास ५० रुपयांच्या वेळेचे ३०० होतात. अमेरिकन बार असोसिएशनचे १९९३ चे औपचारिक मत क्रमांक ९३-३७९ प्रत्यक्षापेक्षा जास्त वेळ लावायला मनाई करते, पण पाव किंवा दशांश तासासारख्या किमान एककापर्यंत वर चढवण्याचा अपवाद मान्य करते. तेव्हा ०.१ लावणे तिथल्या नियमात बसते; तरीही दहा क्लायंटना दोन-दोन मिनिटे दिली की वीस मिनिटांचा एक तास होतो. काही जण अशी मिनिटे त्याच कामाच्या पुढच्या नोंदीत मिळवतात, मात्र तारीखवार नोंद मागणारे क्लायंट ते चालवून घेत नाहीत. शुल्क-करारातच ‘दिवसाची बेरीज तीन मिनिटांपेक्षा कमी असल्यास आकार नाही’ असे लिहिणे मला जास्त सरळ वाटते.

गडबड ओळखायला टाइमशीटमधली मिनिटे आणि बिलातली युनिटे गुणिले सहा शेजारी ठेवतात. महिन्याची बेरीज दोन्हीकडे जवळपास सारखी यायला हवी. बिलाची बाजू सतत जड असेल तर नोंदी सुट्ट्या वर चढवल्या जात आहेत. दोन्ही बाजू जुळत असूनही पाठवलेल्या मेलपैकी अनेकांची नोंदच सापडत नसेल, तर टाइमशीट शुक्रवारी संध्याकाळी आठवून भरली जाते आहे.