वडील वारले, वाटा मिळाला नाही: दाव्याची मुदत कधीपासून मोजायची?

आमच्या सांगलीच्या कार्यालयात वाटपासाठी येणाऱ्या बहुतेकांचा समज असा असतो, की वडील वारले त्या दिवसापासून 12 वर्षे मोजायची आणि ती संपली की हक्कही संपला. या समजापायी लोक हक्क असूनही गप्प बसतात.

मुदत कायदा, 1963 मध्ये मृत्यूच्या तारखेला तसे महत्त्व नाही. एकत्र कुटुंबाच्या जमिनीत अनुच्छेद 110 प्रमाणे 12 वर्षे मोजतात ती तुम्हाला हिश्श्यातून वगळल्याचे तुम्हाला समजले त्या दिवसापासून. वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत अनुच्छेद 65 लागतो. तिथेही 12 वर्षेच, पण भाऊ तुमचा हक्क उघडपणे नाकारून ताबा ठेवू लागला तेव्हापासून. थोरला एकटा जमीन कसतो किंवा सात-बारावर एकट्याचे नाव लागले, एवढ्याने मुदत सुरू होत नाही. एका वारसाचा ताबा सगळ्यांच्या वतीने आहे असेच कायदा धरून चालतो. शिवाय फेरफार महसुलासाठी असतो, त्याने मालकी ठरत नाही.

समजा, तासगाव तालुक्यातल्या दोन एकर एकत्र कुटुंबाच्या द्राक्षबागेचे खातेदार 2004 मध्ये वारले. वारस नोंद फक्त मुलाची झाली. बहिणीला तो दरवर्षी तिच्या वाट्याचे पैसे देत होता. 2014 मध्ये तिने वकिलामार्फत वाटप मागितले. ‘तुझा हिस्सा नाही’ असे लेखी उत्तर तिला 18 जून 2014 रोजी मिळाले. तिची 12 वर्षे इथून सुरू झाली, 2004 पासून नव्हे. दाव्याची शेवटची तारीख 18 जून 2026. म्हणून असे पत्र आले की ते पाकिटासकट जपून ठेवा. ते कधी मिळाले हे सिद्ध करायला पाकिटावरचा शिक्का उपयोगी पडतो.

मात्र तिची सही घेतलेली असेल, तर गोष्ट वेगळी. ‘वारस नोंदीचे कागद आहेत’ असे सांगून दुय्यम निबंधकाकडे नेतात आणि हक्कसोडपत्र नोंदवून घेतात. असे दस्त फसवणुकीचे म्हणून रद्द करून घ्यायला अनुच्छेद 59 प्रमाणे फक्त 3 वर्षे मिळतात, फसवणूक समजल्यापासून. ‘दस्त नोंदणीकृत आहे, तेव्हाच तुला माहीत होते’ हा समोरच्याचा पहिला बचाव असतो. दस्ताची नक्कल कोणत्या दिवशी काढली, त्याची पावती म्हणूनच लागते. ही 3 वर्षे गेली, तर हिश्श्याच्या 12 वर्षांचा आधार घेणे फार अवघड होते.

मृत्यूनंतर मुदत सुरू होते त्या वेळी वारस अज्ञान असेल, तर 18 पूर्ण झाल्यावर कमाल 3 वर्षे जादा मिळतात. ती फक्त त्यालाच उपयोगी, जाणत्या भावंडांना नाही.

अपिलाला उशीर झाला तर कोर्ट विलंब माफ करू शकते, दाव्याला मात्र कलम 5 लागत नाही. एक दिवस उशीर झाला आणि समोरच्याने हरकत घेतली नाही, तरी कोर्टाला कलम 3 प्रमाणे दावा फेटाळावाच लागतो. आमच्याकडे येताना नुसता आजचा सात-बारा आणू नका. मृत्यूच्या वेळचा फेरफार, वाटा नाकारल्याचा कागद आणि तो कधी मिळाला याचा पुरावा आणा.