पथदिव्यांचा डिझाइन अहवाल: कोण देतो, कशासोबत देतो आणि तपासणीत कुठे अडकतो

नगरपरिषद किंवा महानगरपालिकेच्या हद्दीतल्या रस्त्यावर नवे पथदिवे बसवायचे तर अंदाजपत्रकासोबत डिझाइन अहवाल जोडावा लागतो. पालिकेच्या विद्युत विभागाचा अभियंता तो स्वतः तयार करतो किंवा नेमलेल्या सल्लागाराकडून करून घेतो. विकसकाने बांधून द्यायचा रस्ता असेल तर अहवाल विकसकाकडून येतो, आणि पालिका तो तपासून मान्य करते. प्रत्यक्ष काम मात्र राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानेच करायचे असते. अहवाल कोणीही लिहिला तरी तपासणारा तीनच प्रश्न विचारतो: रस्त्यावर उजेड किती पडेल, खांब किती अंतरावर आहेत, आणि फीडरवर, म्हणजे दिव्यांना वीज पुरवणाऱ्या वाहिनीवर, भार किती येतो. ही तिन्ही उत्तरे एकाच हिशेबातून यावी लागतात. बहुतेक परत आलेल्या अहवालांत ती तीन वेगवेगळ्या जुन्या अहवालांतून उचललेली असतात.

नमुना म्हणून विकास आराखड्यातला १५ मीटर रुंदीचा एक रस्ता घेऊ. (कागदावर याला डीपी रोड म्हणतात आणि लाइनमन रोहित्राला डीपी म्हणतो, त्यामुळे अहवालात दोन्हीसाठी पूर्ण शब्द वापरलेले बरे.) गाडीमार्ग ७.५ मीटर, लांबी सुमारे ९०० मीटर. दुकाने, दुचाकी, पायी जाणारे, अधूनमधून बस अशी मिश्र वाहतूक.

आधी रस्त्याचा गट ठरवायचा. आयएस १९४४ या मानकात मुख्य रस्ते ए-१ आणि ए-२ या गटांत येतात आणि दुय्यम रस्ते बी-१ आणि बी-२ मध्ये. सरासरी प्रदीपन अनुक्रमे ३०, १५, ८ आणि ४ लक्स. दोन्ही ए गटांत सर्वांत अंधाऱ्या बिंदूचे सरासरीशी प्रमाण किमान ०.४ लागते, दोन्ही बी गटांत ०.३. आपला रस्ता ए-२ मध्ये बसतो, म्हणजे सरासरी १५ लक्स. गट ठरवण्याचे कारण दोन ओळींत लिहावे आणि वाहतुकीवर बोलावे. ‘१५ मीटर रुंद म्हणून ए-२’ हे कारण चालत नाही, कारण मानक गट ठरवताना रस्त्यावर काय चालते ते बघते, आराखड्यातली रुंदी बघत नाही. शांत वसाहतीतला तेवढाच रुंद रस्ता बी-१ असू शकतो, आणि तिथे १५ लक्सचा हिशेब म्हणजे पालिकेच्या वीजबिलावर कायमचा बोजा.

आता खांबांमधले अंतर. दिव्याची उंची ९ मीटर धरली. गाडीमार्ग त्यापेक्षा अरुंद असल्याने खांबांची एकच रांग पुरते. फिटिंग ९० वॅटचे एलईडी, वॅटला १२० ल्यूमेन देणारे, म्हणजे एकूण १०,८०० ल्यूमेन. त्यातला गाडीमार्गावर पडणारा वाटा, म्हणजे उपयोग गुणांक, उत्पादकाच्या आलेखावरून ०.४० आला. काळानुसार आणि धुळीने घटणाऱ्या उजेडासाठीचा देखभाल गुणांक ०.७५. सूत्र साधे आहे:

```
अंतर = (ल्यूमेन × उपयोग गुणांक × देखभाल गुणांक) ÷ (लक्स × गाडीमार्गाची रुंदी)
     = (१०,८०० × ०.४० × ०.७५) ÷ (१५ × ७.५)
     = २८.८ मीटर
```

२८ मीटर अंतर ठेवले तर सरासरी १५.४ लक्स येते. ८९६ मीटरमध्ये ३२ गाळे, म्हणजे दोन खांबांमधले टप्पे, आणि ३३ खांब. इथेच एक सवय नडते. अंदाजपत्रकात आकडा गोल दिसावा किंवा एकदोन खांब वाचावेत म्हणून अंतर ३० मीटर लिहिले जाते. त्या अंतरावर सरासरी १४.४ लक्सवर येते, आणि अहवालाच्या पहिल्या पानावरचे १५ लक्सचे उद्दिष्ट चौथ्या पानावर मोडते. तपासणाऱ्याला हे कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटात कळते.

सूत्रातून फक्त सरासरी कळते, सर्वांत अंधारा बिंदू कळत नाही. तो साधारणपणे दोन खांबांच्या मधोमध, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला असतो. आपल्या रस्त्यावर तिथे किमान ६.२ लक्स हवे. ते दाखवायला फिटिंगचा उजेड कोणत्या दिशेला किती पडतो हे सांगणारी आयईएस फाइल घेऊन डायलक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये बिंदूवार हिशेब काढावा आणि त्याची छापील प्रत जोडावी. फाइल नेमकी त्याच फिटिंगची आहे का, हे मात्र बघा. त्याच उत्पादकाच्या त्याच वॅटच्या दुसऱ्या भिंगाची फाइल जोडलेली अनेकदा आढळते. उजेड रस्त्यात लांबवर पसरवणारे भिंग आणि खाली गोल पाडणारे भिंग यांचे ल्यूमेन सारखे असले तरी दुसऱ्यात दिव्याखाली चकचकीत आणि मध्ये काळोख अशी पट्टेरी स्थिती होते.

देखभाल गुणांक का लागतो, हे अहवालात स्पष्ट लिहावे, कारण पुढे हस्तांतराच्या वेळी सगळा वाद याच आकड्यावर होतो. दिवे रात्री ११ तास जळतात, म्हणजे वर्षाला सुमारे ४,००० तास. ५०,००० तासांनी उजेड ७० टक्क्यांवर येणारे एलईडी निम्म्या वाटेवर, साधारण सहाव्या वर्षी, ८५ टक्क्यांच्या आसपास असते. धूळ आणि डिझेलच्या काजळीमुळे काचेवर आणखी १२ टक्के घट धरली तर ०.८५ × ०.८८ म्हणजे ०.७५ होतात. गुणांक ०.९० लिहिला की अंतर ३४ मीटरपर्यंत ताणता येते आणि अंदाजपत्रक आकर्षक दिसते. त्याची किंमत मात्र तिसऱ्या-चौथ्या वर्षी रस्ता वापरणारे भरतात.

फीडरचा भाग सहसा एका ओळीत उरकतात: ३३ दिवे गुणिले ९० वॅट, एकूण २.९७ किलोवॅट. वीजजोडणीच्या अर्जापुरते ते बरोबर आहे. महावितरणकडे नव्या जोडणीचा ए-१ अर्ज जातो आणि जोडणी पथदिव्यांच्या एलटी-६ वर्गवारीत येते. महिन्याचा वापर सुमारे ९८० युनिट धरता येईल. पण हा भार कसा वाटला, हे दाखवल्याशिवाय विद्युत विभाग पुढे जात नाही.

तीन फेजवर दिवे आळीपाळीने जोडावेत: पहिला खांब आर, दुसरा वाय, तिसरा बी, असे शेवटपर्यंत. एका फेजचा पुरवठा गेला तर दर तिसरा दिवा विझतो, सलग तीनशे मीटरचा काळोख होत नाही. प्रत्येक फेजवर ११ दिवे, पॉवर फॅक्टर ०.९५ धरून सुमारे ४.५ अँपिअर. प्रवाह एवढा कमी असतो की १० चौरस मिमी चार गाभ्यांची ॲल्युमिनियम आर्मर्ड केबल सहज पुरेल असे वाटते. केबलला प्रवाह झेपतो हे खरेच. प्रश्न तिच्या लांबीचा आहे.

फीडर पिलर, म्हणजे जिथून केबल निघतात ती पेटी, रस्त्याच्या एका टोकाला ठेवला तर शेवटच्या दिव्यापर्यंत दाब सुमारे ८ व्होल्ट, म्हणजे साडेतीन टक्के उतरतो. पिलर मध्यावर, सतराव्या खांबाजवळ ठेवून दोन्हीकडे एकेक केबल नेली तर हीच घट साधारण २ व्होल्टवर येते. एलईडीचा ड्रायव्हर कमी दाबातही नीट चालतो, म्हणून काही जण ८ व्होल्टकडे काणाडोळा करतात. पण पिलर मध्ये ठेवण्याचे मोठे कारण दाबाची घट नव्हे, पावसाळा आहे.

टोकाच्या खांबात फेजची तार घासून लोखंडाला लागली, असे समजू. दोषाचा प्रवाह फेजच्या तारेतून जातो आणि खांबाखांबाला जोडणाऱ्या ८ गेजच्या जीआय अर्थवायरमधून परत येतो. १० चौरस मिमीच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ४ ओहम, जीआय तारेचा सुमारे ११, मिळून १५. पिलर टोकाला असेल तर ९०० मीटरवर साडेतेरा ओहम होतात आणि २३० व्होल्टवर प्रवाह येतो १७ अँपिअर. पिलरमध्ये जास्त प्रवाहाला पुरवठा तोडणारा १६ अँपिअरचा एमसीबी असेल तर तो एवढ्या प्रवाहाला पडतच नाही. दिवे चालू राहतात, आणि ओल्या खांबाला हात लावणाऱ्याला धक्का बसतो. पिलर मध्यावर असेल तर तोच प्रवाह सुमारे ३४ अँपिअर होतो आणि १० अँपिअरचा एमसीबी पडतो, पण लगेच नाही. त्याला अनेक सेकंद लागू शकतात. केबलच्या आर्मरमुळे प्रत्यक्ष रोध थोडा कमी भरतो, पण ग्लँड सैल असतात, म्हणून हिशेबात आर्मर धरू नये.

यावरून दिसते की एमसीबीच्या भरवशावर खांब सुरक्षित होत नाही. पिलरमधून निघणाऱ्या प्रत्येक केबलला गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे साधन लागते. इथे ३० मिलिअँपिअरचे घेतले तर नवी अडचण येते. प्रत्येक ड्रायव्हरमधून थोडी गळती होतच असते, १७ ड्रायव्हरांची मिळून साधन विनाकारण पडते, आणि मग कोणीतरी कंटाळून ते काढून टाकतो. म्हणून १०० मिलिअँपिअरचे साधन निवडावे आणि ड्रायव्हरची गळती उत्पादकाच्या तक्त्यावरून लिहून दाखवावी. एमसीबी सी प्रकारचा हवा. संध्याकाळी सगळे ड्रायव्हर एकदम चालू होताना क्षणभर जो मोठा प्रवाह ओढतात, त्याला बी प्रकारचा एमसीबी बळी पडतो.

अर्जासोबत काय काय लागते? अंतरखुणांसह रस्त्याचा मोजणी नकाशा, ज्यात झाडे, जुने खांब, वरून जाणाऱ्या वीजवाहिन्या आणि जवळचे रोहित्र दाखवलेले असेल. गट, लक्स आणि अंतर यांचा हिशेब, बिंदूवार छापील प्रतीसह. फिटिंगचे ल्यूमेन आणि वॅट मोजल्याचा, एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा एलएम-७९ अहवाल. फीडरचा एकरेषीय आराखडा, फेजनिहाय भारतक्ता, दाबघट आणि दोषप्रवाहाचा हिशेब. अंदाजपत्रक. रस्ता पालिकेचा नसेल, म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा अन्य यंत्रणेचा असेल, तर त्यांचे ना हरकत पत्र. फांद्या छाटायच्या असतील तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी. हे शेवटचे दोन कागद सर्वांत उशिरा हाती येतात, म्हणून हिशेब सुरू करण्याआधी त्यांचे अर्ज द्यावेत.

नकाशाबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. नकाशावर २८ मीटरवर खूण करणे सोपे, पण जागेवर तिथे बंगल्याचे फाटक, गटाराचे चेंबर किंवा वडाचे खोड निघते. खांब एकदोन मीटर सरकवला तर चालते. चार मीटर सरकवला की एक गाळा ३२ मीटरचा होतो, आणि त्या गाळ्याचा बिंदूवार हिशेब वेगळा जोडावा लागतो. खोदाईआधी जागेवर फिरून प्रत्येक खांबाची खूण करून घेतली आणि तोच तक्ता अहवालाला जोडला तर पुढे बदलाची मंजुरी घेत बसावे लागत नाही.

काम झाल्यावर लक्समीटरने मोजणी होते. दोन खांबांमधल्या गाळ्यात तीन बाय तीन असे नऊ बिंदू आखतात. कोपऱ्यांच्या चार वाचनांच्या बेरजेला १६ ने भागायचे, कडांच्या मध्यावरच्या चारांच्या बेरजेला ८ ने, मधल्या वाचनाला ४ ने, आणि तिन्ही आकडे मिळवले की सरासरी निघते. मोजणी अमावास्येच्या जवळपास करावी, दुकाने बंद झाल्यावर, नाहीतर पाट्यांचा उजेड मीटरमध्ये येतो. या रात्री नवी आणि स्वच्छ फिटिंग्ज २०.६ लक्सच्या आसपास दाखवायला हवीत, कारण डिझाइनचे १५.४ लक्स देखभाल गुणांक लावल्यानंतरचे आहेत. पहिल्याच रात्री सरासरी १६ आली आणि ठेकेदार ‘१५ च्या वर आहे’ म्हणाला, तर काम मान्य करू नये. त्या १६ चे सहाव्या वर्षी १२ होतील. अहवालातच ‘हस्तांतराच्या वेळी किमान सरासरी २० लक्स’ असे वाक्य लिहिलेले असेल, तर हा वाद सुरूच होत नाही.