ऐकण्याच्या तासाचे तीन भाग आले कुठून, आणि शब्द आधी सांगायचे की नाही

श्रवणपूर्व, श्रवण, श्रवणोत्तर हे तीन रकाने बी.एड. करणारा प्रत्येक जण भाषेच्या पाठ टाचणात आखतोच, त्यामुळे ते काय असतात ते इथे परत सांगत नाही. पण ही रचना वाटते तेवढी जुनी नाहीये. १९५०-६० च्या दशकात टेपवरचा संवाद ऐकायचा आणि तसाच्या तसा म्हणायचा, एवढंच चालायचं, म्हणजे ऐकणं ही बोलण्याची तालीम. नंतर ऐकण्यासाठी वेगळा तास आला तरी शिक्षक आधी झाडून सगळे नवीन शब्द फळ्यावर लिहून अर्थ सांगणार, मग टेप लावणार आणि प्रश्न मात्र टेप संपल्यावर विचारणार. आपण कशासाठी ऐकतोय हेच पोराला माहीत नाही, मग तपासली जायची ती स्मरणशक्ती.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या दशकात हे उलटलं. विषयाची कल्पना आधीपासून असेल तर माणूस ऐकताना अंदाज बांधत जातो, हे तोवर बऱ्यापैकी मान्य झालं होतं. म्हणून आधी विषयाची ओळख, प्रश्न ऐकण्याआधीच हातात, पहिल्यांदा ढोबळ ऐकणं, दुसऱ्यांदा बारकाईने, असा क्रम ठरला. त्या काळाच्या मानाने हा मोठाच सुधार होता.

घोळ राहिला तो शब्दांचा. सगळे शब्द आधी शिकवायची जुनी सवय नव्या 'श्रवणपूर्व' रकान्यात गुपचूप येऊन बसली, आणि पस्तीस मिनिटांच्या तासात वीस मिनिटं फळ्यावरच जायला लागली. यावर नव्वदच्या दशकात नीट टीका झाली: ज्या शब्दावाचून सगळंच अडेल असे तीन-चारच सांगा, बाकीचे ऐकताना पोरांना अंदाजाने लावू द्या, कारण बाहेर कुणी शब्दार्थ आधी वाटत नाही. २००६ साली तैवानमधल्या इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास छापून आला, त्यात विषयाची आधी माहिती देणं आणि परत ऐकवणं या दोन्हींचा फायदा दिसला, शब्द आधी शिकवण्याचा सगळ्यात कमी. दुसऱ्या बाजूचे म्हणतात की अगदी नवशिक्याला शब्दच नसतील तर तो अंदाज तरी कशाचा करणार. यात तथ्य आहे, पण ते पहिल्या काही महिन्यांपुरतंच, असं मला वाटतं.

मुंबईत अमराठी मोठ्या माणसांच्या मराठी वर्गात हे फार स्पष्ट दिसतं. समजा वर्गासाठी एक घोषणा रेकॉर्ड केली: "फलाट क्रमांक पाचवर येणारी गाडी बारा डब्यांची जलद लोकल आहे, ही गाडी मुलुंड आणि भांडुप या स्थानकांवर थांबणार नाही." जलद, डबे, स्थानक हे शब्द शिकवायची काही गरज नाही, रोज लोकलने येणारा माणूस ते कानावर घेऊनच वर्गात आलेला असतो. 'फलाट' तेवढा सांगावा. आता प्रश्न द्या, भांडुपला जाणाऱ्याने ही गाडी पकडावी का? बरेच जण 'हो' म्हणतात. यात एकही शब्द अनोळखी नव्हता. स्थानकांची नावं ठळक ऐकू येतात आणि शेवटचं 'थांबणार नाही' घाईत एकमेकांत मिसळतं, मग मेंदू नेहमीच्या सवयीने 'थांबणार' असंच धरून चालतो. म्हणजे विषयाच्या ज्या माहितीचा आधार घ्यायचा तिनेच इथे दगा दिला.

हे सापडतं ते तिसऱ्या भागात, आणि तोच भाग आपल्याकडे सगळ्यात वाईट अवस्थेत आहे. श्रवणोत्तर म्हणजे बहुतेक वर्गांत उत्तरं तपासणं, बरोबर-चूक, नाहीतर 'या विषयावर पाच ओळी लिहा'. त्यातून चूक कुठे झाली ते कळतच नाही. वरच्या घोषणेत करायचं काम साधं आहे, चुकलेल्याला उत्तर न सांगता विचारा की शेवटी काय ऐकू आलं, मग फक्त शेवटचा तुकडा दोन-तीनदा लावा आणि जे कानावर पडतं ते लिहायला सांगा. कागदावर 'थांबणार' एवढंच आलं तर गडबड कानाची, 'थांबणार नाही' नीट लिहूनही उत्तर 'हो' असेल तर गडबड अर्थाची, आणि दोन्हीवरचा उपाय वेगळा.

परीक्षेनेही यात हात धुऊन घेतले. दहावीला भाषांचे २० तोंडी-अंतर्गत गुण २०१९ च्या परीक्षेला काढले, निकाल आधीच्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला, आरडाओरडा झाला आणि पुढच्याच वर्षी गुण परत आले. त्या सगळ्या वादात शाळेच्या हातातले गुण हाच मुद्दा होता, पोरांना ऐकायला येतं का हे कुणी विचारलं नाही. २०२० च्या कायद्याने सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली तेव्हा मुंबईत मराठी घरी न बोलणाऱ्या मुलांचे वर्ग वाढले, आणि तिथे ऐकण्याचा तास म्हणजे अजूनही बऱ्याचदा बाईंनी सावकाश, एकेक शब्द तोडून उतारा वाचणं. अशा वाचनात 'थांबणार' आणि 'नाही' कधी मिसळतच नाहीत, त्यामुळे वर्गात सगळ्यांची उत्तरं बरोबर येतात.